परीक्षेच्या आदल्या रात्रीची उत्तरतालिका

वैद्यकीय प्रवेशासाठीची 'नीट' परीक्षा गेली काही वर्षे मे महिन्याच्या पहिल्या रविवारी होते आहे. दुपारी दोनला पेपर सुरू होतो. त्याच्या आदल्या रात्री, म्हणजे शनिवारी, देशभरातल्या हजारो मोबाइलवर जवळपास सारखाच मजकूर फिरतो : उद्याचा पेपर आमच्याकडे आहे, उत्तरांसह आहे, हवा असेल तर लगेच संपर्क करा. या मजकुराच्या पलीकडे नेमके काय असते आणि अभ्यास झालेले मूलही त्याकडे का ओढले जाते, हे कळण्यासाठी एका रात्रीचा क्रम पाहणे पुरेसे आहे. इथली विद्यार्थिनी काल्पनिक आहे. परीक्षेचे नियम, तारखा आणि मध्ये येणारी प्रकरणे खरी आहेत.

रात्र 3 मे 2025 ची. गाव लातूर. नांदेड जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेली ही मुलगी 'रिपीटर' आहे. बारावीनंतर एक वर्ष थांबून दुसऱ्यांदा परीक्षेला बसते आहे. मॉक टेस्टमध्ये तिला 720 पैकी 500 च्या आसपास गुण पडतात. जीवशास्त्र पक्के आहे, रसायन बरे, भौतिकशास्त्र मात्र घात करते. मेसचे जेवण झाले, हॉल तिकिटाच्या दोन प्रती आणि फोटो प्लास्टिकच्या पाकिटात ठेवून झाले, वडिलांचा फोनही येऊन गेला. "जेवलीस का बाळा? लवकर झोप आता," एवढेच ते बोलले. त्यांनी कोचिंगसाठी कुणाकडून किती उचल घेतली आहे ते तिला माहीत आहे आणि ते त्याबद्दल कधीच बोलत नाहीत, हेही.

साडेदहाच्या सुमारास रूममेटने एक लिंक पुढे पाठवली. टेलिग्रामवरचे चॅनेल, हजारो सदस्य, वर परीक्षेचे नाव आणि सरकारी वाटावे असे चिन्ह. एका पानाचा धूसर फोटो, त्यावर आडवी पट्टी. खाली ओळ : पूर्ण पेपर आणि उत्तरतालिका पाच हजारांत, अर्धे पैसे आत्ता, अर्धे परीक्षेनंतर.

तिच्या खात्यात मेसचे तीन हजार होते.

या क्षणी तिच्या मनात जे चालते त्याला फुकटच्या गुणांची हाव म्हणणे अन्यायाचे होईल. तिला भीती वाटते ती मागे राहण्याची. आदल्याच वर्षी, 2024 च्या निकालात एकदम 67 विद्यार्थ्यांना 720 पैकी 720 मिळाले होते. पाटणा आणि हजारीबागची नावे महिनाभर बातम्यांत होती. खुद्द लातूरमध्ये, पैसे घेऊन गुण वाढवून देण्याचे आमिष दाखवल्याच्या संशयावरून शिक्षकांवर गुन्हा दाखल झाला आणि तपास पुढे सीबीआयकडे गेला. त्यामुळे "असे काही नसते" हे वाक्य तिच्यापुढे टिकत नाही. असे असते हे तिने वाचले आहे. मग उद्या शेजारच्या बाकावरच्या मुलाने तो पेपर आधीच पाहिला असेल, आणि आपण मात्र प्रामाणिकपणे वर्षभर घासून पुन्हा थोडक्यात हुकणार असू, तर? फसवणाऱ्यांचा सगळा धंदा या एका प्रश्नावर उभा आहे.

म्हणून 2024 मध्ये खरोखर काय घडले ते आधी नीट समजून घ्यावे लागते. पेपर फुटला होता, यात शंका नाही. सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केले. पण तो कसा फुटला हे महत्त्वाचे आहे. परीक्षा 5 मे 2024 ला होती. सीबीआयच्या तपासानुसार हजारीबागच्या एका शाळेत, जी परीक्षा केंद्रही होती, प्रश्नपत्रिकांच्या पेट्या सकाळी पोहोचल्या. सव्वानऊ-साडेनऊच्या आत एका माणसाने तिथल्या खोलीत शिरून, हत्यारांनी पेटी उघडून पेपरचे फोटो काढले आणि पेटी पुन्हा बंद केली. ते फोटो बाहेर थांबलेल्या टोळीकडे गेले. वैद्यकीय महाविद्यालयांत शिकणाऱ्या काही विद्यार्थ्यांना 'सॉल्व्हर' म्हणून बसवले होते. त्यांनी पेपर सोडवला. सोडवलेला पेपर, आधीच पैसे ठरवून ठराविक ठिकाणी आणून ठेवलेल्या उमेदवारांना पाठांतरासाठी दिला गेला.

यातल्या दोन गोष्टी शनिवारी रात्री मोबाइल हातात घेऊन बसलेल्या मुलीच्या फार उपयोगाच्या आहेत. पहिली वेळेची. सुरुवातीला काही आरोपींच्या जबाबांवरून पाठांतर आदल्या रात्रीच झाल्याचे म्हटले जात होते. पण सीबीआयने लावलेल्या क्रमानुसार पेपर हाती लागला तो परीक्षेच्या दिवशी सकाळी. म्हणजे ज्या टोळीने खरोखर पेपर फोडला, लाखोंचे सौदे केले, माणसे पेरली, तिच्याकडेही आदल्या रात्री साडेदहाला विकण्यासारखे काही नव्हते.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. त्या टोळीने पेपर चॅनेलवर टाकला नाही. उमेदवारांना एका जागी गोळा केले, त्यांच्यासमोर कागद ठेवले आणि काम झाल्यावर कागद जाळले. पाटण्यात पोलिसांना जे अर्धवट जळालेले कागद मिळाले, त्यांवरच्या क्रमांकावरून तपास हजारीबागच्या केंद्रापर्यंत पोहोचला. इतकी काळजी घेण्याचे कारण उघड आहे. फुटलेल्या पेपरची किंमत तो किती थोड्या लोकांकडे आहे यावर ठरते. दहा हजार लोकांना दिसला की तासाभरात तो पोलिसांना आणि परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेलाही दिसणार, परीक्षा रद्द होणार आणि ज्यांनी लाखो रुपये मोजले ते गिऱ्हाईक पैसे परत मागणार. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये पुन्हा परीक्षा घेण्याची मागणी फेटाळली. पेपरफुटीचा फायदा हजारीबाग व पाटण्यातल्या सुमारे 155 विद्यार्थ्यांना झाल्याचे त्या वेळी न्यायालयासमोर होते आणि देशभर पद्धतशीर फुटी झाल्याचे दाखवणारा पुरावा न्यायालयाला दिसला नाही. त्या 155 जणांमुळे झालेला अन्याय लहान नाही. पण खरा फुटलेला पेपर पाच हजारांत, उघड्या चॅनेलवर, ओळख ना पाळख अशा मुलीला कुणी विकत नाही, हेही त्याच प्रकरणातून कळते.

इकडे लातूरमध्ये मुलगी चॅनेलच्या 'अ‍ॅडमिन'ला विचारते : खरा आहे कशावरून? उत्तरादाखल लगेच दोन स्क्रीनशॉट येतात. गेल्या वर्षीचा पेपर याच चॅनेलवर परीक्षेच्या आदल्या रात्री टाकला होता, असे त्यांत दिसते. संदेशाखाली वेळही आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा पुरावा बिनतोड वाटतो.

तो तयार करणे मात्र सोपे आहे. टेलिग्राम चॅनेलवर टाकलेला संदेश चालकाला नंतर बदलता येतो. मजकूरच नव्हे, जोडलेला फोटो किंवा फाइलसुद्धा. बदलल्यावर वेळ मूळचीच राहते, फक्त शेजारी edited असा बारीक शब्द येतो. म्हणून शनिवारी रात्री काहीतरी टाकून ठेवायचे, कुठल्याही जुन्या पेपरची फाइल चालते. रविवारी संध्याकाळी विद्यार्थी प्रश्नपुस्तिका घेऊन बाहेर पडले की खऱ्या पेपरचे फोटो मिळतात. मग जुनी फाइल काढून तिथे नवी बसवायची आणि तो बारीक शब्द कापून स्क्रीनशॉट घ्यायचा. पुढच्या वर्षीच्या गिऱ्हाइकासाठी पुरावा तयार. ज्यांना एवढेही कष्ट नको असतात ते फोटो संपादित करून वेळच बदलतात. 2024 च्या टेलिग्रामवरील पेपरबद्दल एनटीएने, म्हणजे परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय यंत्रणेने, सर्वोच्च न्यायालयात हेच सांगितले होते : पेपर आधी आल्याचा भास व्हावा म्हणून वेळेत फेरफार केला आहे, आणि चॅनेलमधल्या चर्चेत तिथले सदस्यच तो बनावट असल्याचे म्हणत आहेत.

अशा एका चित्राने किती नुकसान होऊ शकते याचे उदाहरण त्याच उन्हाळ्यातले आहे. महाविद्यालयीन अध्यापनासाठीची यूजीसी-नेट परीक्षा 18 जून 2024 ला नऊ लाखांहून अधिक उमेदवारांनी दिली. पेपर फुटल्याच्या माहितीवरून दुसऱ्याच दिवशी ती रद्द झाली. पुढे सीबीआयच्या तपासात निघाले की, पुरावा मानला गेलेला टेलिग्रामचा स्क्रीनशॉट फेरफार केलेला होता. पेपरचा फोटो पहिले सत्र संपल्यावर बाहेर आला होता. तो परीक्षेआधीचा वाटावा असा बदल एका शाळकरी मुलाने केला होता. प्रवास करून, रजा टाकून आलेल्या नऊ लाख लोकांना पुन्हा तयारी करावी लागली. अनुभवी यंत्रणाही जिथे फसते, तिथे रात्री अकरा वाजता एकोणीस वर्षांच्या मुलीला खरे-खोटे कळले नाही तर तिला दोष देता येत नाही.

तिला मात्र कळले, आणि ते तिच्या अभ्यासामुळे. धूसर फोटो मोठा करून पाहताना पट्टीखाली 'विभाग ब' असे शब्द तिला दिसले. 2021 पासून 2024 पर्यंत नीटच्या पेपरमध्ये 200 प्रश्न असत; प्रत्येक विषयाच्या 'विभाग ब'मध्ये 15 प्रश्न आणि त्यांतले कोणतेही 10 सोडवायचे. 2025 साठी ही सोय काढून टाकली होती. आता सरसकट 180 प्रश्न, सगळे सोडवायचे, वेळ तीन तास. म्हणजे फोटोतला पेपर उद्याचा असूच शकत नव्हता. तिने रूममेटला दाखवले. पण रूममेटने तोवर अडीच हजार पाठवले होते. एक फाइल आली होती, ती उघडायला पासवर्ड लागत होता आणि पासवर्डसाठी आणखी दोन हजार मागितले जात होते.

गंमत वाटावी अशी ही गोष्ट नाही, कारण मोह इथेही संपत नाही. अ‍ॅडमिनकडे तयार उत्तर होते : "मुखपृष्ठ जुने आहे, आतले प्रश्न उद्याचेच. विश्वास नसेल तर 40 प्रश्नांची उत्तरे फुकट घे." आणि खरोखरच क्रमांक आणि पर्यायांची एक यादी आली. पैसे द्यायचे नव्हते, चोरी केल्यासारखेही वाटत नव्हते. नुसती यादी वाचून ठेवली तर काय बिघडते? जे प्रश्न येतच नाहीत तिथे निदान ती उत्तरे भरता येतील.

काय बिघडते हे कागदावर मांडून पाहता येते. नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीला एक गुण कापला जातो, कोऱ्या जागेला शून्य. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. शिवाय प्रश्नपुस्तिका एकाच क्रमाची नसते. प्रत्येक पुस्तिकेवर कोड छापलेला असतो आणि कोडनुसार प्रश्नांचा क्रम बदलतो. त्यामुळे प्रश्न क्रमांक आणि पर्याय एवढेच लिहिलेली यादी, ती अगदी एका कोडची खरी उत्तरतालिका असली तरी, दुसऱ्या कोडच्या पुस्तिकेला चिठ्ठ्या टाकून काढलेल्या उत्तरांइतकीच लागू पडेल. अशा यादीवरून सगळे 180 गोल काळे केले तर सरासरीने चौथा हिस्सा, म्हणजे 45 उत्तरे बरोबर येतील. त्यांचे 180 गुण, उरलेल्या 135 चुकांचे 135 वजा, हाती 45. 2025 मध्ये खुल्या गटासाठी पात्रतेची किमान रेषाच 144 वर होती.

मुलगी अर्थात सगळा पेपर यादीवर सोडणार नव्हती, फक्त अडलेल्या 40 प्रश्नांचा विचार होता. त्याचाही हिशेब होतो. यादीप्रमाणे भरले तर 10 बरोबर, 30 चूक. 40 वजा 30, हाती 10 गुण. पण वर्षभर अभ्यास केलेल्या विद्यार्थ्याला अडलेल्या प्रश्नांतही बहुधा काहीतरी माहीत असते. चारपैकी दोन पर्याय चूक आहेत एवढे ओळखता आले आणि उरलेल्या दोनांतून निवडले, तर 40 पैकी 20 बरोबर येतात. 80 वजा 20, म्हणजे 60 गुण. फुकटच्या यादीची किंमत 50 गुण ठरते, आणि या परीक्षेत 50 गुणांच्या अंतरात हजारो विद्यार्थी असतात. यादी डोक्यात ठेवून परीक्षेला बसण्याचा याहून मोठा तोटा आकड्यांत मांडता येत नाही. एखाद्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला दुसरे येते आणि यादीत तिसरे आहे, अशा वेळी माणूस स्वतःवर संशय घेतो, पुन्हा गणित मांडतो. एका प्रश्नाला सरासरी एक मिनिट असलेल्या पेपरमध्ये असा संशय परवडत नाही.

आता उलट बाजूही पाहायला हवी. समजा यादी खरी असती. 2024 च्या प्रकरणात बिहार पोलिसांनी अटक केलेल्यांमध्ये उमेदवार आणि पालकही होते. विकणारेच अडकतात असे नाही. जून 2024 पासून लागू झालेल्या केंद्राच्या कायद्यात सार्वजनिक परीक्षांतल्या गैरप्रकारांसाठी तीन ते पाच वर्षे तुरुंगवास आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे; संघटित टोळीसाठी पाच ते दहा वर्षे आणि किमान एक कोटी दंड. या कायद्याचा रोख परीक्षार्थींवर नाही, पेपर फोडणाऱ्यांवर आणि त्यांना मदत करणाऱ्यांवर आहे. परीक्षार्थीवर परीक्षेच्या नियमांनुसार कारवाई होते : निकाल रद्द होतो, पुढची काही वर्षे परीक्षेला बसण्यास बंदी येऊ शकते. रिपीटर मुलीसाठी ही शिक्षा तुरुंगाइतकीच जड आहे.

रात्री सव्वाबाराला तिने चॅनेल सोडले. यादी वाचून झाली होती, पण पाठ केली नव्हती. रूममेट रडत होती. पैशांपेक्षा घरी काय सांगायचे या विचाराने. दोघींनी व्यवहाराचा स्क्रीनशॉट, चॅनेलचे नाव आणि ज्या खात्यावर पैसे गेले त्याचा यूपीआय आयडी जपून ठेवला. हे करणे बरोबर होते. फसवणूक कळल्यावर लाजेने सगळे पुसून टाकण्याची मुलांची प्रवृत्ती असते आणि त्याचा फायदा विकणाऱ्याला होतो. आर्थिक सायबर फसवणुकीसाठी 1930 हा राष्ट्रीय क्रमांक आहे. तक्रार जितकी लवकर, तितकी पैसे वाटेत थांबवण्याची शक्यता जास्त. परीक्षेबाबतच्या दाव्यांसाठी एनटीएने 2025 च्या नीटपूर्वी एक वेगळी सोयही सुरू केली होती. पेपर असल्याचा दावा करणारी संकेतस्थळे व समाजमाध्यमांवरची खाती, असा दावा करणाऱ्या व्यक्ती आणि स्वतःला अधिकारी म्हणवणारे तोतये, यांच्याबद्दल तिथे कळवता येत होते. दीड हजारांवर तक्रारी आल्या आणि टेलिग्रामची 106 व इन्स्टाग्रामची 16 चॅनेल कारवाईसाठी पुढे पाठवली गेली. यांतले बहुतेक दावे एकाच साच्यातले होते, ही बाब मुलांपर्यंत शाळा-कोचिंगमधून एप्रिलमध्येच पोहोचायला हवी. आदल्या रात्री ती सांगून फारसा उपयोग होत नाही.

खरी उत्तरतालिका विद्यार्थ्यांच्या हाती येते ती परीक्षेनंतर काही आठवड्यांनी. 2025 मध्ये ती 3 जूनला आली. प्रत्येक कोडची वेगळी तालिका आणि विद्यार्थ्याने भरलेल्या ओएमआर शीटची प्रतिमा दोन्ही लॉगिन करून पाहता येतात. पण ही तालिकासुद्धा तात्पुरती असते. एखादे उत्तर चुकीचे वाटले तर प्रत्येक प्रश्नामागे 200 रुपये भरून आणि आधार जोडून त्यावर हरकत घेता येते. विषयतज्ज्ञ हरकती तपासतात आणि मगच अंतिम तालिका ठरते.

ही औपचारिकता नाही, हे 2024 मध्ये दिसले. भौतिकशास्त्राच्या पेपरमध्ये अणूविषयी दोन विधाने देऊन त्यांची सत्यता विचारली होती. एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीतल्या वाक्यामुळे एक पर्याय बरोबर वाटत होता, नव्या आवृत्तीप्रमाणे दुसरा. एनटीएने दोन्ही पर्यायांना गुण दिले. सर्वोच्च न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांचे मत मागवले आणि त्यांनी एकच पर्याय बरोबर ठरवला. चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे पाच-पाच गुण कमी झाले : मिळालेले चार गेले आणि चुकीचा एक कापला गेला. पैकीच्या पैकी मिळालेल्या 67 जणांतले 44 याच प्रश्नामुळे तिथे पोहोचले होते. आधी काही विद्यार्थ्यांचे वाढीव गुण रद्द झाल्याने 67 चे 61 झाले होते. सुधारित निकालात ही संख्या 17 वर आली. ज्या परीक्षेची अधिकृत उत्तरतालिका न्यायालयात बदलली, तिची अंतिम उत्तरे आदल्या रात्री पाच हजारांत विकायला निघालेल्या माणसाकडे असण्याचा प्रश्नच नव्हता.